हॉटेलच्या बिलातले ५०४ रुपये

आधीच सांगते, ही पाचशे चार रुपयांची गोष्ट आहे. ती संपायला महिना लागला. या महिन्यात मी एक ईमेल, एक तक्रार आणि पाच-सहा फोन केले, आणि घरच्यांची थोडी चेष्टा सहन केली. हे लिहितेय कारण त्या रात्री बिल हातात आलं तेव्हा मला त्यातल्या अर्ध्या ओळींचा अर्थ लागत नव्हता. आजूबाजूच्या टेबलांवरही तो फारसा कुणाला लागत असावा असं वाटलं नाही.

१२ जुलै २०२५, शनिवार. बाबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून आम्ही सहाजण पुण्यातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात जेवायला गेलो: आई-बाबा, आत्या, मी, नवरा आणि लेक. सूप, स्टार्टर, दोन भाज्या, दाल, रोट्या, बिर्याणी, गोड आणि पाण्याच्या दोन बाटल्या. नवऱ्याने आणि बाबांनी एकेक बिअर घेतली. बाबांनी आत्याकडे पाठ करून प्यायली, पण तो वेगळा विषय.

बिल आलं ५,८६० रुपयांचं. नवऱ्याने आकडा पाहून कार्ड काढलं. मी सवयीने कागद हातात घेतला आणि मधल्या एका ओळीवर अडकले. "हे एस. सी. दहा टक्के काय आहे?" बाबा म्हणाले, "सर्व्हिस टॅक्स गं. सरकारचा असतो, द्यावाच लागतो." वेटर शेजारीच उभा होता, आत्या पर्स आवरत होती. मी गप्प बसले. पैसे दिले, वर शंभराची नोट टीप म्हणून ठेवली आणि निघालो.

घरी आल्यावर मात्र झोप येईना. बाबा म्हणतात तो सर्व्हिस टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच बंद झाला, एवढं मला आठवत होतं. मग ही ओळ कसली?

रविवारी सकाळी चहा घेता घेता बिल टेबलावर पसरलं. शेजारचे काका दुकानदारांची जीएसटीची कामं करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि मला बिल वाचायला शिकवलं. ते इथे सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बिलातले आकडे असे होते. खाण्याचे पदार्थ आणि पाणी मिळून ४,२६० रुपये. दोन बिअर ७८० रुपये. दोन्हींची बेरीज ५,०४०. त्याखाली एस. सी. १० टक्के, ५०४ रुपये. त्याखाली सीजीएसटी अडीच टक्के, ११९ रुपये १० पैसे, आणि एसजीएसटी अडीच टक्के, तेवढेच. मग बिअरवर व्हॅट १० टक्के, ७८ रुपये. एकूण ५,८६०.२०, वीस पैसे सोडून ५,८६०.

काका म्हणाले, यात तीन वेगवेगळ्या जातीच्या ओळी आहेत आणि लोक त्या तिन्हींना 'टॅक्स' म्हणतात. जीएसटी हा खरा कर. साध्या रेस्टॉरंटला तो १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के आहे, अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा. म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटीचे आकडे कायम सारखेच असायला हवेत. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला अठरा टक्के लागू शकतो, तिथे ही ओळ नऊ-नऊ टक्क्यांची दिसते. व्हॅट हाही खरा कर. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्य सरकार कर लावतं. महाराष्ट्रात परमिट रूमच्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. त्यामुळे बिअरवर जीएसटी आणि व्हॅट असे दोन्ही लावलेले दिसले तर ते चूक. आमच्या बिलात तसं नव्हतं.

आणि तिसरी ओळ, एस. सी., म्हणजे सर्व्हिस चार्ज. हा कर नाहीच. यातला एक रुपयाही सरकारकडे जाण्यासाठी घेतलेला नसतो. हॉटेलवाल्याने स्वतः ठरवलेली, स्वतःकडे ठेवायची ती रक्कम असते. नाव 'सर्व्हिस टॅक्स'च्या इतकं जवळचं आहे की बाबांच्या पिढीचा गोंधळ होणारच. खरा सर्व्हिस टॅक्स होता तेव्हा एसी हॉटेलात तो बिलाच्या चाळीस टक्के भागावर लागायचा. शेवटच्या काळात दर पंधरा टक्के होता, म्हणजे बिलाच्या सहा टक्के. तेव्हाही त्याच्या शेजारी सर्व्हिस चार्ज असायचाच आणि आपण दोन्ही गुमान द्यायचो.

मग काकांनी एक युक्ती दाखवली. सीजीएसटीच्या आकड्याला चाळीसने गुणायचं. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, त्यामुळे गुणाकार केला की कर नेमका किती रकमेवर लावलाय ते कळतं. ११९.१० गुणिले ४० म्हणजे ४,७६४. आमचं खाणं तर ४,२६० चं. वरचे ५०४ कुठून आले? सर्व्हिस चार्ज. म्हणजे त्यांनी आधी सर्व्हिस चार्ज मिळवला आणि त्याच्यासकट जीएसटी लावला. बिअरवर जीएसटी नसतो, पण बिअरवरच्या सर्व्हिस चार्जवर मात्र तो लागला होता. त्यामुळे सर्व्हिस चार्जचा खरा बोजा ५०४ नव्हता. त्यावरचा पाच टक्के जीएसटी २५ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण ५२९ रुपये २० पैसे. तो नसता तर बिल झालं असतं ४,२६० अधिक ७८० अधिक जीएसटी २१३ अधिक व्हॅट ७८, म्हणजे ५,३३१.

काकांनी जाता जाता बिलावरचा जीएसटी क्रमांकही तपासला. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, गोव्यात ३० ने. gst.gov.in वर लॉगिन न करता तो टाकून पाहता येतो. तिथे दुकानाचं अधिकृत नाव दिसतं, आणि ते नियमित करदाते आहेत की कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर-योजनेतले हेही दिसतं. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, त्याने तो आपल्या खिशातून भरायचा असतो. आमचं हॉटेल नियमित निघालं, त्यामुळे त्या बाजूने तक्रार नव्हती. पण क्रमांक शोधल्यामुळे कंपनीचं खरं नाव कळलं. पाटीवरचं नाव वेगळं आणि कंपनीचं वेगळं होतं. तक्रार करताना याचा फार उपयोग झाला.

आता मुख्य प्रश्न. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का? नाही. पण 'नाही' एवढ्यावर मॅनेजर गप्प बसत नाही हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, म्हणून यामागचा इतिहास सांगते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. गिऱ्हाइकावर जबरदस्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं. तो दिला नाही म्हणून आत येऊ न देणं किंवा सेवा नाकारणं चालणार नाही. आणि तो बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. आमच्या बिलात यातल्या निदान दोन गोष्टी डोळ्यांदेखत मोडल्या होत्या.

पण या सूचना निघून पंधरा-सोळा दिवस होतात न होतात तोच, २० जुलै २०२२ ला, हॉटेलवाल्यांच्या संघटनांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. स्थगितीला अट होती: सर्व्हिस चार्ज घेत असाल तर मेनूकार्डवर आणि इतरत्र ठळक लिहा, आणि पार्सलवर घेऊ नका. मेनूकार्डच्या तळाशी आपण जी बारीक ओळ पाहतो, 'आम्ही दहा टक्के सर्व्हिस चार्ज आकारतो', तिला बळ मिळालं ते इथून. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये एका संघटनेच्या सभासदांना न्यायालयाने त्याला 'स्टाफ काँट्रिब्यूशन' म्हणायला सांगितलं आणि दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. म्हणून काही बिलांवर ते नाव दिसतं. पण या दोन्ही गोष्टी अंतिम निकाल लागेपर्यंतच्या होत्या. तो निकाल २८ मार्च २०२५ ला लागला. न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही याचिकाकर्त्यांना एकेक लाखाचा खर्च लावला. सक्तीचा सर्व्हिस चार्ज कायद्याला धरून नाही, ज्याला द्यायचं त्याने खुशीने टीप द्यावी, असा त्याचा आशय. संघटना अपिलात गेल्या आहेत, तेव्हा हे बऱ्याच उशिरा वाचत असाल तर ताजी स्थिती एकदा पाहून घ्या.

आम्ही जेवलो तेव्हा या निकालाला साडेतीन महिने झाले होते.

सोमवारी, १४ जुलैला, दुपारच्या सुट्टीत हॉटेलला फोन लावला. खरं सांगायचं तर हात थोडे थरथरत होते. पाचशे रुपयांसाठी भांडतेय असं कुणाला वाटू नये ही आपली मोठी काळजी. मॅनेजर नम्र होता. "मॅडम, मेनूवर लिहिलेलं आहे." मी निकालाचं सांगितलं. "तो दिल्लीचा आहे मॅडम." मी म्हटलं, सूचना केंद्रीय प्राधिकरणाच्या आहेत, सगळ्या देशाला लागू आहेत, दिल्लीत फक्त त्यांना आव्हान दिलं होतं आणि ते फेटाळलं गेलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मेल करा, मी वर पाठवतो." तिथेच बोलणं संपलं. वाद घातला नाही, आणि बरं केलं, कारण पुढे कामाला आला तो लेखी मेलच.

मेल मी मराठीतच लिहिला, चार वाक्यांचा: "दि. १२ जुलै २०२५ रोजी आपल्या हॉटेलात जेवण केले. सोबतच्या बिलात माझी संमती न घेता सर्व्हिस चार्ज ५०४ रुपये व त्यावरील जीएसटी २५ रुपये २० पैसे आकारले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप आकारता येत नाही. कृपया ५२९ रुपये २० पैसे सात दिवसांत परत करावेत." खाली बिलाचा क्रमांक, टेबल क्रमांक, आणि बिलाचा व कार्डाच्या पावतीचा फोटो.

पहिल्या मसुद्यात मी पाण्याच्या बाटलीचीही तक्रार घातली होती. छापील किंमत वीस, त्यांनी लावले चाळीस. काकांनी ती ओळ खोडली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की हॉटेलात बसून पाणी घेतलं तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, जागा आणि सेवाही त्यात येते. "एक चुकीचा मुद्दा घातलास की तेवढंच धरून बसतील," काका म्हणाले. पटलं.

बिलाबद्दल एक सांगते. हॉटेलच्या मशीनचा कागद उष्णतेवर छापलेला असतो आणि काही आठवड्यांत पुसट होतो. माझं बिल फ्रीजवर चुंबकाने लावलेलं होतं, ऑगस्टपर्यंत ते जवळजवळ कोरं झालं. फोटो काढला होता म्हणून वाचले. टेबलावरच काढा.

१८ जुलैला उत्तर आलं, तीन ओळींचं. सर्व्हिस चार्ज मेनूवर नमूद आहे, आपण मेनू पाहून ऑर्डर दिली, सबब परतावा देता येणार नाही. 'सबब' वाचून माझा राग वाढला. आईने मात्र शांतपणे विचारलं, "आता काय, कोर्टात जाणार का पाचशे रुपयांसाठी?"

कोर्टात जायची वेळ लगेच येत नाही, हे तोवर मी वाचलं होतं. त्या सूचनांमध्येच पायऱ्या दिल्या आहेत. आधी हॉटेलला चार्ज काढायला सांगा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते, किंवा थेट प्राधिकरणाला com-ccpa@nic.in वर मेल करता येतो. पहिली पायरी झाली होती, दुसरीवर आले.

१९ जुलैला, शनिवारी सकाळी, १९१५ लावला. भाषा निवडायला मराठीही होती. पहिल्यांदा फोन मध्येच तुटला, दुसऱ्यांदा एक मुलगी बोलली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कागद जोडायचे आहेत तर consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा असं सुचवलं. मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन खातं उघडलं. राज्य, शहर, व्यवसायाचा प्रकार, कंपनीचं नाव आणि मेल पत्ता भरायचा होता. इथे ते जीएसटीच्या साइटवर सापडलेलं नाव उपयोगी पडलं. तक्रारीत तोच चार ओळींचा मजकूर टाकला, 'हॉटेलने १८ जुलैला नकार दिला' ही एक ओळ वाढवली, आणि बिल, मेल, उत्तर अशी तीन चित्रं जोडली. वीस मिनिटं लागली. खर्च शून्य. शेवटी डॉकेट क्रमांक मिळाला, तो वहीत लिहून ठेवला.

ही हेल्पलाइन काय करते ते आधी कळलं असतं तर मी कमी चिडले असते. ती निकाल देत नाही. तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते, उत्तर मागते, तडजोड होते का पाहते. कंपनीने उत्तरच दिलं नाही तर ती त्यांना पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. मला वाटलं होतं आठवड्यात आदेश निघेल. पण जुलै संपेपर्यंत तक्रारीची स्थिती 'कंपनीकडे पाठवली' अशीच दिसत होती. रोज सकाळी मी ती उघडायचे आणि नवरा विचारायचा, "आला का पाचशेचा चेक?"

या काळात तिसऱ्या पायरीची माहिती काढली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. पण तारखांना हजर राहायचं म्हणजे माझ्या दोन-तीन रजा गेल्या असत्या, आणि एका रजेची किंमत ५०४ पेक्षा जास्त. मी मनाशी ठरवलं, ऑगस्टअखेर काही झालं नाही तर आयोगात न जाता प्राधिकरणाला मेल करायचा. माझे पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं रोजचं काम नाही. पण एखादं हॉटेल सगळ्याच गिऱ्हाइकांच्या बिलात हे घालत असेल तर ते पाहणं त्यांचं काम आहे.

तेवढी वेळ आली नाही. ६ ऑगस्टला हॉटेलच्या हिशेबनीसाचा फोन आला. आवाज कंटाळलेला. "मॅडम, तुमचा यूपीआय क्रमांक सांगा." दुसऱ्या दिवशी खात्यात ५०४ रुपये जमा. ५२९.२० नव्हे, ५०४.

इथे थांबावं असं मलाही वाटलं. पण जीएसटीची ती ओळ डोक्यात होती. सर्व्हिस चार्जच जर घ्यायचा नव्हता, तर त्यावर घेतलेला कर कुठल्या सेवेवरचा? फोन केला. हिशेबनीस म्हणाला, "तो आम्ही सरकारला भरला, आता परत कसा देणार?" काका शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, क्रेडिट नोट. बिलात रक्कम किंवा कर जास्त लागला असेल तर विक्रेता क्रेडिट नोट काढतो आणि पुढच्या विवरणात तेवढा कर कमी दाखवतो. रोजची गोष्ट आहे. मी तेवढंच म्हटलं, "क्रेडिट नोट काढता येईल ना?" पलीकडे शांतता. मग, "बघतो." ११ ऑगस्टला २५ रुपये आले. वीस पैसे राहिले, ते सोडले. क्रेडिट नोटची प्रत मागितली होती, ती आली नाही.

पोर्टलवर तक्रार मिटल्याचं कळवलं. खरं तर काम झालं होतं, पण एक गोष्ट मला टोचत होती. त्या रात्री आम्हाला वाढणारा मुलगा. पोरगा बीडकडचा, बाबांशी गावाच्या गप्पा मारत होता. त्याच्या ताटातलं तर मी काढलं नाही ना? पुढे एकदा त्याच रस्त्याने जाताना तो बाहेर पार्किंगपाशी उभा दिसला, तेव्हा विचारलंच. तो हसला. "ताई, चार्जचं मालक महिन्याला वाटतो म्हणतो. किती जमा झाला ते आम्हाला काय कळतंय? तुमचे शंभर कळले." एका पोराच्या बोलण्यावरून सगळ्या हॉटेलांबद्दल काही म्हणणार नाही. पण तेव्हापासून मी टीप रोख देते आणि हातात देते.

खरी परीक्षा ३० ऑगस्टला झाली, शनिवारीच, दुसऱ्या हॉटेलात. या वेळी चौघेच होतो. बसल्याबरोबर मेनूची शेवटची ओळ वाचली, तिथे दहा टक्क्यांचा उल्लेख होता. वेटरला तेव्हाच म्हटलं, "दादा, बिलात सर्व्हिस चार्ज घालू नका, आम्ही टीप वेगळी देऊ." आवाज साधा ठेवला, पाणी मागतो तसा. तो "हो" म्हणाला आणि विसरला. बिल आलं: खाणं १,८६०, चार्ज १८६, सीजीएसटी ५१.१५, एसजीएसटी ५१.१५, एकूण २,१४८. पैसे द्यायच्या आधीच परत दिलं. महिनाभराची वणवण आणि दहा मिनिटं यांत फरक एवढाच आहे. एकदा पैसे दिले की तुम्ही मागणारे होता.

दहा मिनिटांनी नवं बिल आलं. मॅनेजर स्वतः घेऊन आला, चेहरा जरा ताणलेला. सगळ्या ओळी जशाच्या तशा आणि तळाशी 'सवलत १८६'. एकूण १,९६२. मी कार्ड काढणार तोच बाबांनी कागद ओढून घेतला. मोबाइलवर ५१.१५ गुणिले ४० केलं आणि मॅनेजरसमोर स्क्रीन धरली. २,०४६. "खाणं अठराशे साठचं आहे ना? मग कर दोन हजार सेहेचाळीसवर का?"

मॅनेजरने आकडा पाहिला, बाबांकडे पाहिलं. चार्ज बिलातून काढायचा सोडून त्यांनी खाली तेवढीच सूट दाखवली होती, त्यामुळे कर जुन्याच बेरजेवर राहिला होता. नऊ रुपये तीस पैशांचा फरक. तो म्हणाला, "काका, सिस्टिममध्ये चार्ज काढायचा तर बिल रद्द करून नव्याने काढावं लागतं."

"काढा की," बाबा म्हणाले, "आम्हाला घाई नाही. बडीशेप आहे का?"

तिसरं बिल १,९५३ चं आलं. सीजीएसटी ४६.५०. बाबांनी गुणाकार पुन्हा केला, मान डोलावली, आणि वेटरच्या हातात दोनशेची नोट दिली.